तिसऱ्या माणसाची जागा

कार्यालयातील एखादा विवाहित सहकारी आपल्या संसारातील दुःख एकाच विशिष्ट व्यक्तीजवळ पुन्हापुन्हा बोलू लागतो, तेव्हा आजूबाजूच्या माणसांकडे त्याची दोन स्पष्टीकरणे तयार असतात. एक तर ‘बिचाऱ्याला घरी कोणी समजून घेत नाही’ म्हणून त्याची कीव केली जाते, किंवा ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ म्हणून दोघांकडेही संशयाने पाहिले जाते. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी भासली, तरी त्यांची बैठक एकच आहे. सांगणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कळले की त्याला काय हवे आहे तेही कळते, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. परंतु असा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्याला स्वतःलाही बहुधा ठाऊक नसते. म्हणून त्याच्या हेतूचा शोध त्याच्या शब्दांपेक्षा त्या शब्दांच्या परिणामात घ्यावा लागतो, म्हणजे बोलणे झाल्यावर त्याचा संसार कोणत्या दिशेला सरकतो आणि ऐकणाऱ्या व्यक्तीला कोणत्या जागी बसवले जाते, हे पाहावे लागते. असा शोध घेतला की प्रचलित समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आढळते. अशा सलगीपायी घर मोडते अशी लोकांना धास्ती असते; पुष्कळ वेळा मात्र या सलगीच्या आधाराने एक दुःखी घर काहीही न बदलता, आहे त्याच दुःखासह, वर्षानुवर्षे तग धरून राहते.

विवेचनाच्या सोयीसाठी या प्रसंगातील तीन व्यक्तींना सांगणारा, ऐकणारी आणि जोडीदार असे म्हणता येईल. सांगणारा पुरुष आणि ऐकणारी स्त्री ही योजना केवळ उदाहरणापुरती आहे. उलट जोडीही तितकीच आढळते, आणि दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असतानाही पुढील विवेचनाचा बराच भाग लागू पडतो. तिसरी व्यक्ती, म्हणजे जोडीदार, ही या सर्व संभाषणांचा विषय असते आणि त्यांपैकी एकाही संभाषणात हजर नसते, ही गोष्ट मात्र तिन्ही प्रकारांत कायम राहते.

प्रथम प्रश्न येतो तो कार्यालयाचाच. इतक्या खाजगी गोष्टीसाठी माणूस भाऊ, बहीण, जुना मित्र यांना सोडून शेजारच्या टेबलाकडे का वळतो? जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने 1908 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘समाजशास्त्र’ या ग्रंथात ‘परका’ या सामाजिक भूमिकेवर एक छोटे टिपण लिहिले आहे. जो माणूस आपल्यात वावरतो पण आपल्या नात्यागोत्यात गुंतलेला नसतो, त्याच्याजवळ लोक अशा गोष्टी कबूल करतात की ज्या ते जवळच्यांपासून कटाक्षाने लपवतात, असे त्याचे निरीक्षण होते. सहकारी हा या अर्थाने अर्धा परका असतो. रोज आठ तास समोर असल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसलेला असतो; पण तो लग्नाला आलेला नसतो, त्याने सासूसासऱ्यांना पाहिलेले नसते, आणि जोडीदाराची बाजू त्याच्या कानावर येण्याचा कोणताही मार्ग नसतो. बहिणीजवळ तक्रार केली तर ती ‘वहिनीचंही काही चुकत नाही’ असे म्हणण्याची शक्यता असते, कारण तिला वहिनी माहीत असते. ऐकणारीला ती माहीत नसते, आणि सांगणाऱ्याच्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी पात्रता हीच असते, जरी त्याला ती कधी जाणवत नसली तरी.

संसारातील जाच बोलून दाखवण्याच्या जागा मराठी समाजात पूर्वीही होत्याच. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी सासरचा छळ, नवऱ्याची बेपर्वाई आणि माहेरची ओढ ओव्यांतून सांगितली, आणि अभ्यासक हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या, यावरून ती जागा किती मोठी होती याची कल्पना येते. पण त्या जागेची रचना वेगळी होती. खुंट्याला हात लावून समोर बसलेली दुसरी बाईही आपलीच ओवी म्हणत असे, तिलाही सासू होती, आणि जिच्याविषयी गाऱ्हाणे चालले आहे ती सासूही कित्येकदा पलीकडच्या खोलीतच असे. शिवाय ओवीत येताच एकीचे गाऱ्हाणे सर्वांचे होत असे, त्यामुळे ते निवारण्याची जबाबदारी कोणा एकीच्या अंगावर येत नसे. पुरुषांना तर एवढीही सोय नव्हती. पारावर किंवा तालमीत बायकोविषयी बोलणे झालेच तर ते थट्टेच्या सुरात, आणि खरे दुःख बोलायचे झाले तर ते बायकोजवळच. जोपर्यंत संसार ठीक आहे तोपर्यंत या व्यवस्थेने भागते, पण दुःखाचे कारणच बायको असेल तर अशा पुरुषाला बोलायला कोणी उरत नाही. म्हणून एका मध्यमवयीन पुरुषाने एखाद्या सहकारी स्त्रीजवळ प्रथमच मोकळे होणे यात आरंभी संशयास्पद असे काही नसते. तो दुसरीकडे कोठे बोलूच शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो.

आरंभानंतर काय होते हे समजण्यासाठी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन याची ‘त्रिकोणा’ची कल्पना उपयोगी पडते. बोवेनने 1950च्या दशकात मनोरुग्ण आणि त्यांची संपूर्ण कुटुंबे यांना एकत्र रुग्णालयात ठेवून त्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले आणि त्यातून कुटुंबाकडे एक व्यवस्था म्हणून पाहणारा सिद्धान्त मांडला. त्याचे लेखन 1978 मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले. त्याच्या मते दोन माणसांचे नाते शांत काळात आपल्यापुरते चालते, पण त्यांच्यातील ताण एका मर्यादेपलीकडे गेला की त्यांपैकी अधिक अस्वस्थ असलेला माणूस तिसऱ्या कोणाला तरी आत ओढतो. हे तिसरे म्हणजे मूल असू शकते, सासू असू शकते, दारू असू शकते किंवा सहकारी असू शकते. तिसऱ्याकडे ताणाचा काही भाग वाहून गेला की मूळ दोघांमधील ताण सोसण्याजोगा होतो, आणि म्हणून दोघांचे नाते जेथे डळमळते तेथे त्रिकोण स्थिर उभा राहतो. येथे स्थिर याचा अर्थ सुखी असा नाही. न बदलणारा, एवढाच आहे. समाजशास्त्रज्ञ ल्युइस कोझर याने 1956 साली संघर्षाच्या सामाजिक कार्यांविषयी लिहिताना हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला होता. जेथे राग मूळ कारणाकडे न जाता दुसरीकडे काढण्याची सोय असते, तेथे राग शमतो पण ज्या परिस्थितीतून तो उपजला ती जशीच्या तशी राहते. कुकरची शिट्टी झाली म्हणून खालचा गॅस बंद होत नाही, तसेच हे आहे.

एक कल्पित पण प्रातिनिधिक उदाहरण तपशिलाने पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होईल. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत कृषिकर्जाचे काम पाहणारा चव्वेचाळीस वर्षांचा अधिकारी आहे, आणि त्याच शाखेत ठेवींचे काम पाहणारी, त्याच्याहून काही वर्षांनी लहान, विवाहित सहकारी आहे. अधिकाऱ्याची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडील गेल्यावर त्याची आई त्यांच्याकडे राहायला आली, ती न्हाणीघरात पडल्यामुळे तिची सेवाशुश्रूषा वाढली, आणि ‘तुमच्या आईचं तुम्ही बघा’ या एका वाक्यावर नवराबायकोतील बोलणे जवळजवळ थांबले. मार्चअखेरीच्या धांदलीत एका रात्री शाखा उशिरापर्यंत उघडी असताना घरून आलेल्या फोननंतर तो प्रथमच बोलतो. ऐकणारी फारसे काही न बोलता ऐकते, चहा मागवते. त्या रात्री त्याला खरोखर हलके वाटते. येथपर्यंत जे घडले त्यात कोणाचीही चूक काढता येणार नाही.

एप्रिल-मे महिन्यांत तो दुपारी काउंटर बंद झाल्यावर खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी येऊ लागतो. या काळात तो प्रसंग सांगतो : काल काय झाले, कोण काय म्हणाले, आईच्या औषधांचे पैसे कोणी दिले. पावसाळ्यात बोलण्याचा पोत बदलतो. प्रसंग मागे पडतात आणि स्वभाव पुढे येतो. ‘काल ती असं म्हणाली’ याची जागा ‘ती आहेच तशी, पहिल्यापासून’ हे वाक्य घेते. हा बदल लहान दिसतो, पण तोच निर्णायक असतो, कारण प्रसंगावर उपाय असतो आणि स्वभावावर नसतो. ज्याने एकदा दुःखाचे मूळ जोडीदाराच्या स्वभावात ठेवले, त्याने स्वतःला काहीही करण्यापासून मोकळे करून घेतलेले असते. आईसाठी दिवसभराची बाई ठेवणे, भावाकडे तिचे चार महिने ठरवणे, स्वतः लवकर घरी जाणे हे सारे एप्रिलमध्ये शक्य कोटीतील पर्याय होते. श्रावणात त्यांचा उल्लेखही संभाषणात उरत नाही. तिसरी पायरी तुलनेची : ‘तुम्हाला दोन मिनिटांत कळतं ते तिला अठरा वर्षांत कळलं नाही.’ हे वाक्य ऐकणारीला सुखावते, आणि ते अन्यायाचे आहे हे तिच्या लक्षात येण्यास वेळ लागतो. ऐकणारीला त्या घरात आजारी सासू सांभाळावी लागत नाही, धुणे-भांडी करून सव्वासातची एसटी पकडावी लागत नाही, आणि या गृहस्थाची चिडचिड सोसावी लागत नाही. दिवसातील अर्धा तास आणि चहाचा एक कप एवढ्यावर तिची तुलना अठरा वर्षांच्या सहजीवनाशी केली जात असते. चौथ्या पायरीवर दिवाळीच्या सुट्टीत रात्री साडेनऊला संदेश येतो, ‘झोपलात का?’ येथे संभाषण कार्यालयाच्या भिंती ओलांडते आणि त्याला जोडीदारापासून लपवण्याची गरज प्रथमच निर्माण होते. तोवर दुःख गुप्त होते. आता भेट गुप्त झालेली असते.

या चार पायऱ्यांवरून सांगणाऱ्याला काय हवे आहे याचा निर्णय लगेच होत नाही, कारण त्याच पायऱ्या तीन वेगवेगळ्या दिशांना नेऊ शकतात. पहिली दिशा वर आलेलीच आहे : त्याला केवळ उतारा हवा असतो, म्हणजे आहे तो संसार सोसता यावा एवढा दिलासा. दुसऱ्या दिशेचे सर्वांत बारकाईचे वर्णन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायॅन व्हॉन हिच्या, नाती तुटण्याच्या प्रक्रियेवरील 1986 सालच्या पुस्तकात आढळते. (हीच विदुषी पुढे चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघातामागील निर्णयांचा अभ्यास करून प्रसिद्धीस आली, आणि दोन्ही अभ्यासांत तिचे लक्ष धोक्याच्या क्षीण सूचना वेळीच कशा ऐकल्या जात नाहीत याकडे आहे, हा योगायोग म्हणता येणार नाही.) तिच्या प्रतिपादनानुसार विभक्त होण्याची सुरुवात एका गुपिताने होते : दोघांपैकी एकाला नाते नकोसे झालेले असते, पण तो ते जोडीदाराला स्पष्ट सांगत नाही. तो सूचक बोलतो, कुरकुरतो, घराबाहेर वेळ काढतो, आणि आपल्या असमाधानाची खरी भाषा तिसऱ्या कोणाजवळ घडवत जातो. तेथे तो जोडीदाराचे आणि गतकाळाचे चित्र पुन्हा नव्याने रंगवतो, जेणेकरून सोडून जाणे हा विश्वासघात न वाटता अटळ निष्कर्ष वाटावा. अशा माणसाला ऐकणारी हवी असते ती साक्षीदार म्हणून, आणि आयुष्याच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी लागणारा आधार म्हणून. पैलतीर आल्यावर हा आधार टिकतोच असे नाही. तसे अनेकदा घडत नाही, याचे दुःख मग ऐकणारीच्या वाट्याला येते. तिसरी दिशा सर्वांना सुचते ती : त्याला ऐकणारीच हवी असते, प्रेयसी म्हणून किंवा पुढील जोडीदार म्हणून. ही दिशा अस्तित्वात आहे यात शंका नाही, पण लोक समजतात तितकी ती मूळ हेतू म्हणून नसते. बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या दिशेने निघालेला माणूस सहवासाच्या ओघात तिकडे वळतो.

या तिघांमधील फरक ओळखण्यासाठी दुःखाची तीव्रता निरुपयोगी ठरते, कारण डोळे तिघांचेही सारखेच भरून येतात. पहिली कसोटी काळाची आहे. ज्याला खरोखर निघायचे आहे त्याच्या बोलण्यात आज ना उद्या तारखा आणि रकमा येऊ लागतात : घराचे कर्ज दोघांच्या नावावर आहे त्याचे काय होईल, मुलीची दहावी कधी संपते, परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज करण्यापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते ते वर्ष कोठून मोजायचे. ज्याला उतारा हवा असतो त्याच्या बोलण्यात भविष्यकाळाची क्रियापदे जवळजवळ नसतात. त्याचे सारे बोलणे काल आणि नेहमी या दोन शब्दांभोवती फिरते. दुसरी कसोटी सल्ल्याच्या वाटचालीची आहे. ऐकणारीने एखादी साधी सूचना केली, उदाहरणार्थ आईला तपासायला नेताना पत्नीलाही बरोबर न्यावे, तर पुढील आठवड्यात त्या सूचनेचे काय झाले हे पाहावे. ती करून पाहिली आणि फसली, तर माणूस संसारात अजून काही धडपड करतो आहे. ती ‘तुम्हाला माहीत नाही तिचा स्वभाव’ या वाक्याखाली दरवेळी पुरली जात असेल, तर सल्ला हा त्याच्या येण्याचा बहाणा आहे, हेतू नव्हे.

तिसरी कसोटी अधिक बोलकी आहे, आणि ती घेण्यासाठी कोणालाही काही विचारावे लागत नाही. टेबलाशी आणखी एखादी समंजस, विश्वासू सहकारी येऊन बसली तर काय होते? ज्याला ऐकणारे कान हवे आहेत त्याला दोनाचे चार झाले तरी चालतात, क्वचित बरेही वाटते. ज्याला ऐकणारी स्वतः हवी आहे तो एकदम पावसापाण्याच्या गप्पांवर येतो आणि ती दुसरी उठून जाण्याची वाट पाहतो. आणखी एक खूण ऐकणारीच्या आयुष्याशी संबंधित आहे : तिच्या घरी काय चालले आहे, तिचा नवरा कसा आहे, हे तो विचारतो की नाही, आणि विचारत असेल तर उत्तर ऐकून कोठे थांबतो. अजिबात न विचारणारा माणूस उतारा शोधतो. विचारणारा, आणि तिच्या संसारातील उणीव हाती लागताच तेथेच रेंगाळणारा माणूस, दुसरे काही शोधतो.

आता ऐकणारीकडे वळणे आवश्यक आहे, कारण या विषयावरील बहुतेक बोलण्यात तिला केवळ सोसणारी मानले जाते आणि ते पूर्णपणे खरे नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकमेकांना अनोळखी असलेल्या व्यक्तींच्या जोड्यांना उत्तरोत्तर अधिक खाजगी होत जाणारे छत्तीस प्रश्न देऊन ते सुमारे पाऊण तास परस्परांना विचारायला लावले, आणि किरकोळ गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना परस्परांविषयी स्पष्टपणे अधिक जवळीक वाटली. या प्रयोगाची लोकप्रियता प्रेमात पडण्याची युक्ती म्हणून झाली, परंतु त्याचा खरा बोध कोरडा आहे : जवळीक ही खाजगी बोलण्याच्या क्रमातून निर्माण करता येते, दोन माणसे एकमेकांना अनुरूप असोत वा नसोत. ज्या सहकाऱ्याने सात-आठ महिने आपले अंतरंग उघडे केले त्याच्याविषयी ओढ वाटणे ही म्हणून त्या प्रक्रियेची अपेक्षित निष्पत्ती आहे; त्यावरून ऐकणारीने आपल्या स्वतःच्या संसाराविषयी किंवा त्याच्या योग्यतेविषयी कोणताही निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. शिवाय ऐकण्यातून तिला काही मिळतही असते. घरी जिचे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेत नाही तिला येथे कोणीतरी शहाणी समजते, आणि एका संसाराच्या सगळ्या किल्ल्या आपल्या हाती आहेत ही जाणीव नशा आणणारी असते. म्हणून कित्येकदा ‘मी नाही कसं म्हणू, त्यांना वाईट वाटेल’ असे म्हणणारी ऐकणारी स्वतःच ती खुर्ची रिकामी होऊ नये म्हणून धडपडत असते.

सांगणारा वरिष्ठ असेल तर मात्र हा सारा हिशेब बदलतो. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, रजा आणि बदली आहे त्याला नको म्हणण्याचे स्वातंत्र्य हाताखालच्या व्यक्तीला नावापुरतेच असते, आणि तिचे निमूट ऐकणे ही संमती आहे असे वरिष्ठाला वाटत राहते. संसाराचे दुःख सांगणे हा काही गुन्हा नाही. परंतु 2013च्या, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या कायद्यात जे वर्तन त्या स्त्रीला नको आहे ते, असा निकष आहे, आणि वरिष्ठाच्या बायकोविषयीच्या तक्रारी शयनगृहापर्यंत पोहोचल्या की हा निकष लागू होण्यास फार अंतर उरत नाही.

वरील सर्व कसोट्या एका परिस्थितीत पूर्णपणे बाजूला ठेवाव्या लागतात, आणि हे न सांगितल्यास सारे विवेचन घातक ठरेल. सांगणारी स्त्री असेल आणि ती मारहाणीविषयी, धमक्यांविषयी, पगार काढून घेतला जाण्याविषयी किंवा घराबाहेर काढले जाण्याविषयी बोलत असेल, तर तेथे त्रिकोण, उतारा, बहाणा ही भाषा गैरलागू आहे. नवऱ्याला न कळू देण्याची तिची विनंती ही लपवाछपवी नसून सुरक्षिततेची गरज असते. ती तारखांची भाषा बोलत नाही याचे कारण इच्छेचा अभाव नसून भीती असते. आणि तिला ‘हे त्यांच्याशी बोला’ असा सल्ला देणे तिला आगीत ढकलण्यासारखे असते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या 2005च्या कायद्यानुसार असा हिंसाचार घडत असल्याचे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, ज्यांची सुरुवात टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांच्या साहाय्याने केली. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. अशा वेळी कार्यालयातील ऐकणारी ही त्या स्त्रीचा घराबाहेरचा एकमेव धागा असू शकते, आणि तो तुटू न देणे एवढेच तिचे काम असते.

अशी परिस्थिती नसेल तर ऐकणारीपुढे काय उरते? बोवेनचा सल्ला त्रिकोणातून पळून जाण्याचा नव्हता. संबंध तोडला की सांगणारा दुखावतो आणि दुसरा तिसरा शोधतो, एवढेच होते. त्याच्या मते तिसऱ्या माणसाने संपर्क ठेवावा, पण कोणाचीही बाजू घेऊ नये, आणि ताण जेथून आला तेथे शांतपणे परत पाठवावा. मराठी कार्यालयीन व्यवहारात याचे रूप फार साधे आहे. ‘हे तुम्ही वहिनींना सांगितलंत का?’ हा एक प्रश्न, उपदेशाचा सूर न लावता, दरवेळी विचारायचा. वहिनींच्या स्वभावाविषयी होकार किंवा नकार काहीच द्यायचे नाही. आणि कार्यालयाबाहेरच्या वेळेत आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी, कामाच्या वेळेत, तोंडी उत्तर द्यायचे. यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचे जे संरक्षण दिले आहे ते सहकाऱ्याजवळ बोललेल्याला नाही, आणि कुटुंब न्यायालयाच्या 1984च्या कायद्यातील चौदाव्या कलमानुसार वाद सोडवण्यास उपयोगी वाटणारा कोणताही कागद, जबाब किंवा माहिती ते न्यायालय विचारात घेऊ शकते, मग ती पुराव्याच्या सर्वसाधारण नियमांत बसो वा न बसो. दिवाळीत रात्री साडेनऊला केलेली सांत्वना दोन वर्षांनी कोणाच्या अर्जाला जोडली जाईल हे सांगता येत नाही.

वरील उदाहरणातील ऐकणारीने ‘हे तुम्ही वहिनींना सांगितलंत का?’ हा प्रश्न विचारण्यास डिसेंबरात सुरुवात केली असे मानले, तर पुढील घडामोडींतून हेतू उघड होतो. तो साक्षीदार शोधत असता तर चिडून ‘तिच्याशी बोलण्यात आता अर्थ नाही, मी वकिलांना भेटलो’ असे म्हणाला असता, आणि तेही एक उत्तर असते. त्याला ऐकणारीच हवी असती तर तो आपल्या संसाराचा विषय सोडून त्या दोघांच्या नात्याविषयी बोलू लागला असता. यांपैकी काहीच होत नाही. तो आणखी तीन-चारदा येतो, प्रश्न ऐकतो, ‘बघू’ म्हणतो. मग त्याचे येणे कमी होते, आणि जानेवारीत शाखेत नव्याने रुजू झालेल्या एका तरुण लिपिकाच्या टेबलाशी तो दुपारची खुर्ची ओढून बसू लागतो, तेच प्रसंग, त्याच क्रमाने, पहिल्यापासून सांगू लागतो. जागा महत्त्वाची होती, तीत कोण बसले आहे हे नव्हे, आणि हे आधीच कळले असते तर ऐकणारीला आठ महिन्यांत वाटलेली कितीतरी काळजी आणि थोडासा अभिमान दोन्ही वाचले असते. एवढे सगळे समजूनही त्या पहिल्या आठवड्यात लिपिकाच्या टेबलाकडे पाहताना तिला अपमान झाल्यासारखे वाटते; सांगणाऱ्याला काय हवे होते या प्रश्नाइतकाच ऐकणारीला काय हवे होते हा प्रश्न खरा होता, आणि तो या आठ महिन्यांत कोणीच, तिने स्वतःनेही, विचारलेला नव्हता.